एकवीस एमबींचा ड्रॅगन

संगणकावरच्या त्रिमितीय चित्रणाचा अभ्यास केलेल्या बहुतेकांना स्टॅनफर्डचा ड्रॅगन ठाऊक असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1996 मध्ये एका शोभेच्या ड्रॅगनचं लेझर स्कॅनरने मोजमाप झालं आणि त्यातून तयार झालेलं मॉडेल अभ्यासकांसाठी खुलं ठेवलं गेलं. मूळ वस्तू सुमारे वीस सेंटिमीटर लांबीची आहे. मॉडेलमध्ये मात्र 4,37,645 शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे 8,71,414 त्रिकोण आहेत. हा ड्रॅगन वेबपानावर ठेवायचा, म्हणजे वाचकाने मोबाइलवर पान उघडताच तो बोटाने फिरवता यायला हवा. त्यासाठी त्याचं वजन कसं उतरवायचं, उतरवताना काय गमवावं लागतं आणि गमावलेलं ओळखायचं कसं, हा या लेखाचा विषय आहे.

ब्राउझरमध्ये अशी चित्रं वेबजीएल नावाची सोय काढते. ती मोबाइलच्या ग्राफिक्स चिपला थेट कामाला लावते. तिच्यापर्यंत मॉडेल पोचवण्यासाठी आज सर्वाधिक रूढ असलेला फाइलप्रकार म्हणजे जीएलटीएफ. ख्रोनोस ग्रुप या उद्योगसंघाने त्याची सध्या चालणारी 2.0 ही आवृत्ती 2017 मध्ये आणली. `.glb` अशी अखेर असलेली फाइल हे त्याचंच एकसंध रूप. या प्रकारात माहिती चिपला हव्या त्या मांडणीतच साठवलेली असते, त्यामुळे फाइल आली की फारसं काही न उलगडता ती चिपकडे सोपवता येते. मात्र ही मांडणी जागा बरीच खाते.

वजन नेमकं कुठे आहे?

ड्रॅगनचा हिशोब बोटांवर मांडता येतो. प्रत्येक शिरोबिंदूची जागा सांगायला तीन आकडे लागतात आणि प्रत्येक आकडा 32 बिटांचा, म्हणजे चार बाइटांचा. झाले बारा बाइट. त्या ठिकाणी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे सांगणारा बाण, ज्याला नॉर्मल म्हणतात, त्यालाही बारा बाइट. उजेड कुठे पडेल आणि सावली कुठे येईल हे या नॉर्मलवरून ठरतं. चोवीस बाइट गुणिले 4,37,645 म्हणजे साडेदहा एमबी. मग त्रिकोणांची यादी. प्रत्येक त्रिकोण म्हणजे तीन शिरोबिंदूंचे क्रमांक. क्रमांक 65,535 च्या पलीकडे जातात, म्हणून दोन बाइट पुरत नाहीत, चार लागतात. 8,71,414 त्रिकोणांसाठी हेही जवळपास साडेदहा एमबी होतात. एकूण एकवीस एमबी. सेकंदाला दहा मेगाबिट वेगाच्या जोडणीवर हे उतरायला सतरा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ रिकाम्या चौकटीकडे बघत बसणारे वाचक थोडेच.

हा हिशोब आधी करायचा, कारण वजन प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या ठिकाणी असतं. ख्रोनोसच्या नमुना मॉडेलांमध्ये `DamagedHelmet` नावाचं एक खूप वापरलं जाणारं शिरस्त्राण आहे. त्याची `.glb` फाइल सुमारे 3.8 एमबींची आहे. त्यात शिरोबिंदू फक्त 14,556 आणि त्रिकोण 15,452. आकाराची सगळी माहिती मिळून 5,58,504 बाइट, म्हणजे अर्धा एमबी आणि वर थोडं. उरलेला सव्वातीन एमबी जातो पृष्ठभागावर चिकटवलेल्या पाच चित्रांकडे, ज्यांना टेक्स्चर म्हणतात. या लेखातले दोन्ही उपाय टेक्स्चरला हातही लावत नाहीत. ते शिरस्त्राणावर कितीही नेटाने लावले, तरी फाइलचा सातवा भागसुद्धा कमी होणार नाही. तिथे चित्रांची लांबी-रुंदी आणि प्रकार बदलणं हाच खरा इलाज. ड्रॅगनला टेक्स्चरच नाही, त्याचं सगळं वजन आकारात आहे, म्हणून हे उपाय त्याच्यासाठी योग्य.

हा हिशोब हाताने करत बसायला नको. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म नावाचं मोफत साधन एका आज्ञेत सगळी झडती दाखवतं:

```
npm install --global @gltf-transform/cli
gltf-transform inspect dragon.glb
```

इथे एक आकडा आवर्जून पाहावा. शिरोबिंदूंची संख्या त्रिकोणांच्या बरोबर तिप्पट दिसली, तर मॉडेल बनवतानाच काहीतरी बिनसलं आहे. ड्रॅगनची मूळ फाइल ब्लेंडरमध्ये उघडून तशीच `.glb` म्हणून बाहेर काढली तर हे होऊ शकतं. पृष्ठभाग 'शेड फ्लॅट' असा असेल, तर प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचा वेगळा नॉर्मल मिळतो आणि शेजारचे त्रिकोण एकही शिरोबिंदू वाटून घेऊ शकत नाहीत. मग शिरोबिंदू होतात 26 लाखांवर आणि फाइल एकवीसऐवजी 73 एमबींची. ब्लेंडरमध्ये 'शेड स्मूथ' निवडून फाइल पुन्हा काढली की 52 एमबी वाचतात, तेही कोणतीही माहिती न दाबता.

नॅनोमीटरची उधळपट्टी

आता क्वांटायझेशनकडे वळू. 32 बिटांचा दशांश आकडा दहा सेंटिमीटरच्या आसपास सुमारे साडेसात नॅनोमीटरपर्यंतचा फरक सांगू शकतो. स्कॅनरने मात्र ही मूर्ती मिलीमीटरच्या अंशापर्यंतच मोजलेली आहे. म्हणजे प्रत्येक आकड्यातले कितीतरी बिट जी अचूकता मोजमापातच नाही ती जपत बसतात, आणि ते वाचकाला डाउनलोड करावे लागतात.

क्वांटायझेशन म्हणजे मॉडेलभोवती घट्ट बसणारी पेटी कल्पून ती ठरावीक पायऱ्यांमध्ये विभागणं आणि प्रत्येक शिरोबिंदू सर्वांत जवळच्या पायरीवर बसवणं. आलेखकागदावर बिंदू मांडताना तो जवळच्या बारीक रेघेवर सरकवावा, तसंच हे, फक्त तीन दिशांनी. आकडा मग दशांश राहत नाही. कितवी पायरी, एवढा पूर्णांक पुरतो. पायऱ्या किती हे बिटांवर ठरतं: 8 बिट म्हणजे 256 पायऱ्या, 11 बिट म्हणजे 2,048 आणि 14 बिट म्हणजे 16,384. वीस सेंटिमीटरच्या ड्रॅगनवर 14 बिटांची पायरी सुमारे 0.012 मिलीमीटरची होते. बिंदू फार तर पायरीच्या निम्म्याने हलतो, आणि एवढी हालचाल पडद्यावर कोणालाही दिसत नाही. 11 बिटांना पायरी एक दशांश मिलीमीटरची होते. पूर्ण मूर्ती पाहताना तेही चालून जातं, खवल्यांवर झूम केलं की खरबरीतपणा जाणवू लागतो. 8 बिटांना पायरी पाऊण मिलीमीटरच्या वर जाते. इतक्या दाट जाळीत शेजारचे अनेक बिंदू मग एकाच पायरीवर येऊन पडतात आणि ड्रॅगनच्या गुळगुळीत अंगावर जिन्यासारखे टप्पे उमटतात.

जीएलटीएफमध्ये हे `KHR_mesh_quantization` या जोडणीने होतं. जागेचा प्रत्येक आकडा दोन बाइटांत बसतो, तीन आकड्यांचे सहा बाइट. पण ग्राफिक्स चिपला माहिती चार-चार बाइटांच्या टप्प्यावर सुरू झालेली हवी असते, म्हणून दोन बाइट रिकामे सोडून आठ धरावे लागतात. नॉर्मल 8 बिटांचा घेतला तर तीन बाइट, तेही याच कारणाने चार. चोवीस बाइटांचा शिरोबिंदू बारावर आला. त्रिकोणांची यादी मात्र जशीच्या तशी राहते. एकूण वजन एकवीसवरून 15.7 एमबी, म्हणजे पाव भाग कमी.

```
gltf-transform quantize dragon.glb dragon-q.glb --quantize-normal 8
```

पाव भाग ऐकायला फार वाटत नाही. पण या बचतीचा एक गुण ड्रॅकोकडे नाही. ही माहिती उलगडावी लागत नाही. चिप हे पूर्णांक थेट वाचते, त्यामुळे डाउनलोडमध्ये वाचलेले पाच एमबी चिपच्या मेमरीतही वाचतात आणि मॉडेल पडद्यावर असेपर्यंत वाचलेलेच राहतात. शिवाय सर्व्हरवरचं जिझिप किंवा ब्रॉटली या फाइलला आणखी दाबू शकतं.

ड्रॅको काय करतं

त्रिकोणांच्या यादीतल्या साडेदहा एमबींना अजून कोणी धक्का लावलेला नाही. ते काम ड्रॅकोचं. गुगलने जानेवारी 2017 मध्ये हे साधन खुलं केलं आणि जीएलटीएफमध्ये ते `KHR_draco_mesh_compression` या नावाने येतं.

ड्रॅको त्रिकोणांची यादी ठेवतच नाही. ते जाळीवरून एक फेरफटका मारतं: एका त्रिकोणापासून सुरुवात करायची, सामाईक कडेवरून शेजारच्यात शिरायचं आणि प्रत्येक वेळी पुढे काय दिसतं एवढंच नोंदवायचं. समोर नवा शिरोबिंदू आहे, की डावीकडचा त्रिकोण आधीच पाहिलेला आहे, की उजवीकडचा, की दोन्ही, की वाट दुभंगते. अशा पाचच शक्यता आणि पाचच खुणा. या खुणांच्या माळेवरून पूर्ण जाळी पुन्हा विणता येते. या पद्धतीचं नाव एजब्रेकर. जारेक रोसिन्याक यांनी ती 1999 मध्ये मांडली आणि साध्या, अखंड जाळीसाठी दर त्रिकोणाला दोन बिटांहून जास्त लागत नाहीत हे दाखवलं. एरवी एका त्रिकोणाला 96 बिट लागत होते. दोन बिटांच्या दराने ड्रॅगनच्या सगळ्या त्रिकोणांची जोडणी 218 केबींत येते. जाळीत भोकं असली तर त्यात थोडी भर पडते, पण साडेदहा एमबींपुढे ती किरकोळच.

शिरोबिंदूंच्या जागांसाठी ड्रॅको आधी वर सांगितलेलं क्वांटायझेशनच करतं आणि मग त्यावर अंदाजाची युक्ती चालवतं. फेरफटक्यात नवा शिरोबिंदू येतो, तेव्हा शेजारच्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे आधीच माहीत असतात. सामाईक कडेची टोकं `a` आणि `b`, पलीकडचा कोपरा `c`. दोन्ही त्रिकोण मिळून समांतरभुज चौकोन होत असेल असं धरलं, तर नवा बिंदू असायला हवा `a + b − c` या जागी. समजा एका दिशेतले आकडे 8200, 8230 आणि 8196 आहेत. अंदाज येतो 8234. खरा आकडा 8236 असेल, तर साठवायचा फक्त 2. मूळ आकड्याला 14 बिट लागले असते, या फरकाला दोन-तीन पुरतात. स्कॅन केलेल्या मूर्तीचा पृष्ठभाग एका त्रिकोणातून दुसऱ्यात जाताना फारसा वळत नाही, म्हणून बहुतेक फरक असेच लहान येतात आणि लहान, वारंवार येणारे आकडे आणखी आवळून साठवता येतात.

```
gltf-transform draco dragon.glb dragon-d.glb --quantize-position 14
```

परिणाम किती? अंदाजाची युक्ती क्षणभर बाजूला ठेवली आणि 14 बिटांच्या जागा व 10-10 बिटांच्या दोन आकड्यांत बसवलेले नॉर्मल एवढंच धरलं, तरी जोडणीसह बेरीज होते सुमारे 3.6 एमबी. अंदाजाच्या युक्तीने प्रत्यक्ष फाइल याहूनही लहान निघते. दहा मेगाबिटच्या त्याच जोडणीवर सतरा सेकंदांचे तीन सेकंद झाले.

तीन वेगळे हिशोब

एवढं वाचून ड्रॅको सगळीकडे लावून मोकळं व्हावंसं वाटेल. इथेच थांबून तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: उतरवायला लागणारा वेळ, उलगडायला लागणारा वेळ आणि चिपच्या मेमरीत व्यापली जाणारी जागा.

ड्रॅको फक्त पहिली कमी करतं. फाइल पोचल्यावर ब्राउझरला पूर्ण फेरफटका उलटा चालून जाळी विणावी लागते. थ्री.जेएससारखी लायब्ररी हे काम मागच्या बाजूला वेगळ्या धाग्यावर करते, म्हणून पान गोठत नाही, पण स्वस्त फोनवर मॉडेल दिसायला होणारा उशीर जाणवतो. शिवाय उलगडणारा डीकोडर हा स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि तोही शेकडो केबींचा असून वाचकाला उतरवावा लागतो. अर्धा एमबी आकाराच्या शिरस्त्राणासाठी हा सौदा जवळजवळ बरोबरीतच सुटतो. ड्रॅगनसाठी तो निर्विवाद फायद्याचा.

मेमरीचा हिशोब अनेकांच्या लक्षातच येत नाही. नेहमीच्या पद्धतीने बनवलेली ड्रॅको फाइल उलगडली की आकडे पुन्हा 32 बिटांचे दशांश होतात आणि त्रिकोणांची यादी पुन्हा चार-चार बाइटांची. चिपकडे जातात ते पूर्ण एकवीस एमबी. फाइल साडेतीन एमबींची असूनही जुना फोन पान बंद पाडतो याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. एका पानावर एकच ड्रॅगन असेल तर काळजी नाही. पण संग्रहालयाच्या पानावर अशा तीस मूर्ती असतील, तर साधं क्वांटायझेशन अधिक उपयोगी ठरू शकतं, किंवा त्याआधी त्रिकोणांची संख्याच कमी करणं. मेशऑप्ट नावाची तिसरी वाटही आहे. ती क्वांटायझेशन कायम ठेवून वरून दाब देते. तिची फाइल ड्रॅकोइतकी लहान होतेच असं नाही, पण उलगडते खूप वेगाने.

ड्रॅकोची फाइल दाखवणाऱ्या पानाला डीकोडर कुठे आहे हे सांगावं लागतं:

```
const draco = new DRACOLoader();
draco.setDecoderPath('/draco/');
const loader = new GLTFLoader();
loader.setDRACOLoader(draco);
```

शेवटची ओळ विसरली, तर मॉडेल दिसत नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `No DRACOLoader instance provided` असा निरोप येतो. ओळ आहे पण `/draco/` या जागी डीकोडरच्या फाइली ठेवलेल्या नाहीत, असं असेल तर नेटवर्क टॅबमध्ये 404 दिसतो.

बिघाड कसे ओळखावेत

दोन्ही पद्धतींत माहिती जाते ती क्वांटायझेशनमध्येच. त्रिकोणांची जोडणी ड्रॅको तंतोतंत परत देतं, फक्त शिरोबिंदूंचा क्रम बदलतो. त्यामुळे दिसणारे दोष दोन्हीकडे सारखेच असतात.

पहिला दोष सांध्यांचा. मॉडेल अनेक तुकड्यांचं असेल आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची पेटी मिळाली, तर सांध्यावरचा एकच बिंदू दोन तुकड्यांत दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसतो. मॉडेल फिरवताना सांध्यात केसाएवढ्या फटी चमकू लागतात. उपाय म्हणजे सगळ्यांना एकच पेटी देणं: आज्ञेत `--quantization-volume scene` असं जोडायचं.

मात्र या उपायाला दुसऱ्या बाजूने किंमत आहे, कारण पेटी मोठी झाली की पायरीही मोठी होते. ड्रॅगनला 14 बिट भरपूर आहेत. दोन किलोमीटर पसरलेल्या किल्ल्याच्या भूभागाला तेच 14 बिट दिले, तर पायरी बारा सेंटिमीटरची होते आणि तटाच्या दगडी कडा वेड्यावाकड्या दिसतात. मॉडेलपासून दूर कुठेतरी विसरलेला एखादा ठोकळाही पेटी अशीच फुगवतो. बिट किती हवेत हे म्हणून फाइलच्या आकारावरून ठरवू नये. पेटीची लांबी भागिले पायऱ्यांची संख्या, हा एक भागाकार करावा आणि येणारी पायरी त्या वस्तूवर खपेल का हे पाहावं.

दुसरा दोष नॉर्मलमध्ये दिसतो आणि तो आकारापेक्षा उजेडात शोधावा लागतो. 8 बिटांच्या नॉर्मलने ड्रॅगनच्या खडबडीत अंगावर काही बिघडत नाही. तेच मोटारीच्या चकचकीत बॉनेटवर केलं, तर प्रतिबिंब सरळ वाहण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी सरकतं. तपासताना म्हणून मॉडेलला मुद्दाम चकचकीत धातूचं रूप द्यावं, मूळ आणि दाबलेली फाइल शेजारी ठेवावी आणि दोन्हींवरून दिवा हळूहळू फिरवावा. स्थिर चित्रात न दिसणारे पट्टे हलत्या उजेडात लगेच दिसतात.

तिसरा बिघाड चित्रात नसून प्रोग्राममध्ये असतो. क्वांटायझेशननंतर शिरोबिंदूंचे आकडे −1 ते 1 या मापात येतात आणि मूळ माप मॉडेलच्या नोडवर स्केल म्हणून नोंदवलं जातं. पानाच्या कोडमध्ये कोणी त्याच नोडचं स्केल 1 करून टाकलं, तर वीस सेंटिमीटरचा ड्रॅगन एकदम दोन मीटरचा होतो. फाइल ठीक असते, कोड बदलायला हवा: मापाचे बदल त्या नोडवर न करता त्याच्या वरच्या पालक नोडवर करावेत.

या सगळ्याचा क्रम असा: आधी झडती, मग 'शेड फ्लॅट'सारखे दोष आणि नको असलेले त्रिकोण काढणं, मग बिटांचा भागाकार, आणि सर्वांत शेवटी ड्रॅको किंवा साधं क्वांटायझेशन. दाबलेल्या फाइलवर पुन्हा संपादन करून ती पुन्हा दाबली, तर दर फेरीत बिंदू नव्या पेटीच्या नव्या पायऱ्यांवर सरकतात आणि चुका साचत जातात. म्हणून 32 बिटांची मूळ फाइल जपून ठेवावी आणि बिट बदलायचे झाले की दर वेळी तिच्यापासूनच सुरुवात करावी. वेबसाठी टाकून दिलेले बिट दाबलेल्या फाइलमधून कोणत्याही आज्ञेने परत येत नाहीत.